मराठी खालीच ठेवायची असेल तर ठेवा, पण करडी आणि तिरकी करू नका

प्रश्न: मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक करतोय. २४ पानं, ८ बाय ८ इंच, प्रत्येक पानावर दोन्ही भाषा. कोणती भाषा वर ठेवू, कोणते फॉन्ट घेऊ, आणि भाषांतर शब्दाला शब्द हवं का?

उत्तर:

मी चित्रं काढते आणि पुस्तकांची मांडणी करते. अशा दहा-बारा पुस्तकांवर काम केलंय, पण तुमचा प्रश्न वाचून आठवलं ते पहिलंच पुस्तक.

गोष्ट एका कोळीण मावशीची होती. ती पहाटे लोकलच्या लगेज डब्यातून पाटी घेऊन दादरला येते आणि तिच्या पाटीखाली एक मांजर लपून आलेलं असतं. चित्रांसाठी मी तीन आठवडे पहाटे त्याच डब्यापाशी उभी राहून स्केचेस केली. मजकूर मूळ इंग्रजीत लिहिलेला, मराठी नंतर करून घेतलेली. मांडणीची पानं प्रकाशकाकडून परत आली तेव्हा इंग्रजी वर, १८ पॉइंटात, काळी कुळकुळीत होती. मराठी तिच्या खाली, १२ पॉइंटात, करडी आणि तिरकी. मी विचारलं, असं का? संपादक म्हणाले, "दोन भाषा वेगळ्या दिसायला नकोत का? आणि मराठी सपोर्टला आहे." मी नवीन होते. दोनदा बोलले, मग गप्प बसले.

पुस्तक छापून आलं, तेव्हा मी एक प्रत लालबागला आईकडे नेली. माझी पुतणी तेव्हा सहा वर्षांची. आईनं तिला मांडीवर घेतलं, चष्मा लावला, पुस्तक आधी हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग खिडकीकडे सरकली. दोन ओळी अडखळत वाचल्या. पुतणी म्हणाली, "आजी, ते खालचं नाही वाचायचं. ते बारीक असतं ना, ते नसतं वाचायचं. वरचं वाच." आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि चहा टाकायला उठली.

त्या पोरीला कोणी काही शिकवलं नव्हतं. पानानंच तिला सांगितलं होतं की कुठली भाषा वाचायची आणि कुठली सोडून द्यायची. म्हणून वर कोण आणि खाली कोण हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जागा ठरवा आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बदलू नका, म्हणजे मुलाच्या डोळ्यांना आपली भाषा कुठे सापडेल ते कळतं. माझ्या पुस्तकांत मी मराठी वर ठेवते. खाली ठेवलीत तरी चालेल. पण आकार, शाई आणि वजन, म्हणजे अक्षराची जाडी, दोघींना सारखं द्या.

"वेगळ्या दिसायला नकोत का" या म्हणण्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, ते आता देते. फ्रेंच आणि इंग्रजी एका पानावर असतील तर लिपी एकच, त्यामुळे एकीला तिरकं करणं किंवा रंग बदलणं समजण्यासारखं आहे. देवनागरी आणि रोमन लांबूनही वेगळ्या दिसतात. एक शिरोरेषेवरून लटकते, दुसरी पायाच्या रेषेवर उभी असते. वेगळेपण लिपीनंच दिलेलं आहे, वर रंग कशाला? आणि देवनागरीत रोमनसारखी तिरक्या अक्षराची परंपरा नाही. बहुतेक फॉन्टमध्ये तिरकं वळण काढलेलंच नसतं. सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं ढकलून कलतं करतं, त्यात काना कलंडतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते.

करड्या रंगाचा घोटाळा तर छापखान्यातच कळतो. साठ टक्के काळा म्हणजे करडी शाई नव्हे, काळ्या शाईचे बारीक ठिपके. मोठ्या पट्ट्यात ते दिसत नाहीत, पण १२ पॉइंटाच्या अक्षराची कड त्या ठिपक्यांनी कुरतडल्यासारखी होते. मी त्या छापील पानावर भिंग धरलं, तेव्हा अनुस्वाराचा टिंब गोल राहिलाच नव्हता, आणि 'ष्ट'मधली पोकळी भरून गेली होती. इंग्रजीचं अक्षर मोकळं असतं, ते थोडं सोसतं. जोडाक्षर सोसत नाही. आईचा चष्मा बरोबर होता.

आता फॉन्ट. दोन वेगवेगळ्या घरचे फॉन्ट आणून जुळवत बसू नका. ज्या कुटुंबात देवनागरी आणि रोमन एकत्र काढलेली आहे ते घ्या. आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता आहे, फुकट आहे आणि छापायला परवानगी आहे. वजनं बरीच आहेत, मजकुराला तो पुरेसा आहे. शीर्षकाला त्यांचाच बालू घ्या. तो गुबगुबीत आहे, पण त्यात सगळं पुस्तक लावू नका, लांब ओळीत दमवतो. वेगळे फॉन्ट घ्यायचेच असतील तर पॉइंटाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. १६ पॉइंटची मराठी आणि १६ पॉइंटची इंग्रजी कागदावर एकसारखी दिसतीलच असं नाही. 'क' आणि इंग्रजीचा लहान एक्स शेजारी शेजारी लावून शंभर टक्के आकारात छापा. 'क'ची शिरोरेषा त्या एक्सच्या डोक्यापेक्षा वर आणि कॅपिटल एचच्या डोक्यापेक्षा खाली आली, तर डोळ्याला दोन्ही सारख्या वाटतात. तसं दिसेपर्यंत आकार कमीजास्त करा.

ओळींमधलं अंतर मात्र सारखं ठेवू नका. मराठीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्हीकडचा पसारा असतो. माझ्या नंतरच्या एका पुस्तकात इंग्रजी १६ पॉइंट आणि ओळी २२ वर होत्या. मराठीही १६ होती, पण ओळी २६ वर. त्याआधी मराठीही २२ वर लावून पाहिली होती. 'पाटीतून'चा उकार खालच्या ओळीतल्या 'गर्दी'च्या रफारावर जाऊन बसला. ही गोष्ट पडद्यावर नीट दिसत नाही, कागदावर दिसते.

मराठीला पानावर जागा जास्त लागते असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. शब्द कमी लागतात, कारण 'टोपलीच्या खाली'चं 'टोपलीखाली' होतं आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात. पण त्यामुळे एकेक शब्द लांब होतो. म्हणून एका पानावर दोन अरुंद रकाने करून शेजारी शेजारी भाषा लावू नका. ८ इंचाच्या पानावर समास सोडून रकान्याला जेमतेम साडेतीन इंच उरतात, त्यात मोठ्या अक्षरात मराठीचे दोन-तीन शब्द मावतात आणि उजवी कड दातेरी होते. शब्द तोडून खालच्या ओळीत नेणं तर लहान मुलांच्या पुस्तकात नकोच. ओळ श्वासाला तोडा, मराठीची वेगळी, इंग्रजीची वेगळी. दोन्हीकडे ओळींची संख्या सारखी आणायचा हट्ट सोडा.

भाषांतराबद्दल त्या कोळीण मावशीच्या पुस्तकातलं एक पान सांगते. इंग्रजीत होतं, 'मावशी लिफ्टेड द बास्केट अँड फाउंड', आणि पान उलटलं की 'अ कॅट'. मराठीत शब्दाला शब्द आलं, 'मावशीने टोपली उचलली आणि तिला एक मांजर', आणि पान उलटलं की 'सापडले'. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गुपित आधीच्या पानावर फुटलं आणि नंतरच्या पानावर, माझ्या सगळ्यात मोठ्या चित्रावर, नुसतं 'सापडले' उरलं.

मी आता लावलं असतं तर असं: 'मावशीनं पाटी उचलली. खाली कोण?' पान उलटा. 'मांजर!' शब्द कमी झाले, बिघडलं काहीच नाही. गुपित दोन्ही भाषांत एकाच पानउलटीला फुटायला हवं, एवढंच मी धरून ठेवते. एरवी वाक्य हवं तसं फिरवा. 'एक मांजर'मधलं 'एक' इंग्रजीचं आहे, ते काढा. कोळणीच्या डोक्यावर टोपली नसते, पाटी असते. आणि 'मावशी' इंग्रजीतही मावशीच राहू द्या, तिथे 'आंटी' करू नका. झेपत असेल तर दोन्ही मजकूर एकदम लिहा, एक पक्का करून दुसरा त्याच्या मापात कोंबू नका. मराठी वाक्य चांगलं झालं म्हणून इंग्रजी बदललं, असंही व्हायला हवं. माझ्या कामात हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा इंग्रजीचं भलंच झालं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी पुन्हा बोलले. मजकूर वेगळ्या लेयरवर होता, चित्रांना हात लावायची गरज नव्हती, एका दिवसाचं काम होतं आणि मी फुकट करून देणार होते. उत्तर आलं, "कोणी तक्रार केलेली नाही." माझ्या आईनं तक्रार केली नाही, पुस्तक मिटलं. मराठी वाचणारा बहुतेक वेळा असंच करतो, पत्र लिहीत बसत नाही.

काही गोष्टी राहिल्या. इनडिझाइनमध्ये करत असाल तर परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. 'दऱ्या' हा शब्द एकदा लिहून बघा, र नीट आला नाही तर फॉन्ट बदला. मी सांगितलेलं सगळं गोष्टीच्या गद्य पुस्तकाला लागू आहे. बडबडगीत असेल तर भाषांतराचा भाग विसरा, तिथे दुसऱ्या भाषेत नवीन गाणंच लिहावं लागतं. आणि वाचणारं घर मराठी न येणारं असेल, मूल मराठी नव्यानं शिकत असेल, तर वाक्यं जवळजवळ ठेवावी लागतात, तिथे मी म्हणते तेवढं मोकळं सुटता येत नाही.

छापायला देण्याआधी पीडीएफमध्ये चारही रंग वेगळे करून फक्त काळा बघा. दोन्ही भाषांचा मजकूर तिथे शंभर टक्के काळा दिसला पाहिजे आणि बाकीच्या तीन रंगांत त्याचा मागमूस नको. चार रंगांत विभागलेलं अक्षर छपाईत केसभर सरकलं तरी शिरोरेषा दुहेरी दिसते. गडद चित्रावर पांढरं अक्षर काढायचं असेल तर दोन्ही भाषा एक वजन जाड घ्या, फक्त मराठी नव्हे.