रिस्क कमिटीत सायबरची स्लाइड सगळी हिरवी असेल तर काय विचारायचं

प्रश्न: आमच्या लिस्टेड कंपनीत रिस्क मॅनेजमेंट कमिटी आहे. सायबरवर दर वेळी एक पीपीटी दाखवतात, सगळं हिरवं. कमिटीने आणि बोर्डाने नेमकं काय बघायचं असतं?

उत्तर: मी सेक्रेटरियल डिपार्टमेंटला आहे, या कमिटीचे मिनिट्स लिहितो. माझ्या मते पहिला प्रश्न एकच, हिरव्या आकड्याच्या छेदात काय धरलंय?

आधीच्या कंपनीत स्लाइडवर असायचं "पॅचिंग 97 टक्के", म्हणजे इतक्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट टाकलेले. एकदा एका स्वतंत्र संचालक मॅडमनी विचारलं, "97 टक्के, पण कशाचे?" आयटी सिक्युरिटीच्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ज्या मशीनवर आमचं एजंट सॉफ्टवेअर टाकलेलं आहे त्यांचे. मॅडमनी अकाउंट्सकडून ॲसेट रजिस्टर मागवलं. त्यात लॅपटॉप, पीसी, सर्व्हर मिळून 2,140, आणि टूलला दिसत होती 1,610. राहिलेल्यातली 190 भंगारात गेलेली निघाली, पुस्तकातून कमी करायची राहिलेली. ती वजा करूनही खरा आकडा 80 टक्क्यांच्या आसपास येत होता. उरलेल्या 340 मध्ये प्लँटच्या वजनकाट्याचा पीसी होता, जुनं विंडोज, अपडेट बंद झालेलं, आणि बिलिंगच्या सर्व्हरच्याच नेटवर्कवर. म्हणजे जिथून घुसायला सगळ्यात सोपं तेच मोजणीच्या बाहेर. पीपीटीत खोटं काहीच नव्हतं, फक्त कोणी हे विचारलं नव्हतं.

नियम सांगायचा तर सेबीच्या एलओडीआरमधलं रेग्युलेशन 21, पहिल्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना लागू, निदान तीन मेंबर, बहुमत संचालकांचं, त्यात एक तरी स्वतंत्र संचालक, वर्षाला किमान दोन मीटिंगा, आणि कमिटीच्या कामात सायबर सिक्युरिटी स्पष्ट लिहिलेली. हे सगळं कागदावर पूर्ण होतं आणि तरी वजनकाट्याचा पीसी तसाच राहतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्या पुण्यातलंच कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. बँकेच्या कार्ड पेमेंटच्या स्विचला बगल देऊन बनावट स्विच व्यवहार मंजूर करत गेला आणि क्लोन कार्डांवर 28 देशांतून साधारण 78 कोटी निघाले. मग सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टमधून आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला गेले. मधे रविवार होता. म्हणून कमिटीने विचारायचं की शनिवारी दुपारी काही विचित्र दिसलं तर सिस्टीम बंद करायचा अधिकार कोणाला आहे, त्याचा फोन लागला नाही तर पुढचा कोण, आणि हे शेवटचं कधी करून बघितलं? सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवायचं असतं. शिवाय 2025 च्या नोव्हेंबरमध्ये डीपीडीपी या पर्सनल डेटाच्या संरक्षणाच्या कायद्याचे नियम आलेत, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. तेव्हा पर्सनल डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांचा डेटा आहे त्यांनाही विनाविलंब सांगायचं, आणि मंडळाला सविस्तर माहिती 72 तासांत. कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंड आहे. सीईओची सही आल्याशिवाय मेल जाणार नाही अशी पद्धत असेल तर 6 तास कुठे जातात ते कळतही नाही, आणि ड्रिल केल्याशिवाय ही अडचण कोणाला दिसत नाही.

डेटाच्या बाबतीतही तोच छेदाचा प्रश्न. आमच्याकडे यादीत ग्राहकांचा डेटा होता, पण नोकरीला आलेल्या आणि न घेतलेल्या लोकांच्या आधार-पॅनच्या स्कॅन कॉपी भरतीच्या एजन्सीकडे कित्येक वर्षं पडून होत्या आणि त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. व्हेंडरकडे डेटा असला तरी कायद्याने जबाबदारी आपल्याच कंपनीची राहते, तेव्हा करार संपल्यावर तो पुसला याचा लेखी पुरावा मागा.

आणि मिनिट्स. "समितीने सादरीकरणाची नोंद घेतली" एवढंच लिहिलेलं असेल तर बोर्डाला काहीच कळत नाही. कमिटीने आपली चर्चा, शिफारशी आणि करायची कारवाई बोर्डाला कळवायची असं नियमातच आहे, पण बऱ्याच ठिकाणी चेअरमन तोंडी दोन वाक्यं बोलतात आणि पुढचा विषय सुरू. त्या मीटिंगनंतर मी असं लिहायला लागलो: 340 मशीनपैकी किती बदलणार, किती वेगळ्या नेटवर्कवर टाकणार, कोण, कुठल्या तारखेपर्यंत, आणि ज्यांचं आत्ता काहीच करता येत नाही तो धोका कोणी, कधीपर्यंत मान्य केला. हा तक्ता तसाच बोर्डाच्या अजेंड्याला जोडायचा. पुढच्या मीटिंगला पीपीटीच्या आधी तोच उघडायचो. वजनकाट्याचा पीसी दुसऱ्या तिमाहीत वेगळ्या नेटवर्कवर गेला.