जुन्या मित्राला वाढदिवसाचा मेसेज: लुना, दिवे घाट आणि आठ सीताफळं

प्रश्न: माझा मित्र मन्या येत्या शुक्रवारी पन्नास वर्षांचा होतोय. अकरावीपासूनची मैत्री आहे. १९९४ साली आम्ही दोघं त्याच्या वडिलांच्या लुनावरून सासवडला त्याच्या आत्याकडे गेलो होतो. पेट्रोल येऊन-जाऊन पुरेल असं तो म्हणाला होता, पण येताना दिवे घाटाच्या तोंडाशी संपलं. ‘उताराला पेट्रोल कशाला लागतं?’ म्हणत त्याने गाडी तशीच घाटातून सोडली. खाली वडकीपासून हडपसरपर्यंत आळीपाळीने पेडल मारत आलो. आत्याने दिलेली डझनभर सीताफळं घरी पोचेपर्यंत आठ उरली होती, आणि पेट्रोलचं कळलं नाही तरी काकांनी ती मोजली. काका यंदा मार्चमध्ये गेले. ही आठवण मेसेजमध्ये घालायची आहे. मी लिहायला घेतलं की ‘मित्रा, तुझ्यासोबतचे ते सोनेरी क्षण’ असलं काहीतरी होतं आणि माझं मलाच कसंतरी वाटतं. कसं लिहू?

उत्तर:

तुम्ही प्रश्न विचारताना ज्या भाषेत लिहिलंय, त्याच भाषेत मेसेज लिहा. अर्धं काम तिथेच झालंय. तुम्ही आम्हा अनोळखी लोकांना लुनाची गोष्ट सांगितलीत तेव्हा त्यात एकही सोनेरी क्षण आला नाही. मन्याला लिहायला बसलात आणि आला.

हे आपल्या मराठीत फार होतं. वर्षभर ज्याच्याशी ‘काय रे, कुठे मेलायस’ असं बोलतो, त्याला वाढदिवसाला एकदम चौकातल्या फ्लेक्सच्या भाषेत लिहितो. ‘अभीष्टचिंतन’, ‘उदंड आयुष्य’, ‘मैत्रीचे अतूट बंध’. शब्द वाईट नाहीत, पण ते तुमच्या तोंडचे नाहीत आणि मन्याला ते पहिल्या ओळीतच कळणार. ओळखायची सोपी खूण क्रियापदांच्या शेवटी असते. ‘सांगितलं, झालं, आणलं’ लिहिता लिहिता तुम्ही ‘सांगितले, झाले, आणले’वर गेलात की समजा, तुम्ही मित्राशी बोलायचं थांबवून निबंध लिहायला लागलात. ‘तुझ्यासोबत’ हाही तसलाच शब्द. तुम्ही घरी ‘तुझ्याबरोबर’ म्हणत असाल तर तेच लिहा.

माझी स्वतःची फजिती सांगते. डी.एड.पासूनची एक मैत्रीण आहे माझी. तिच्या पंचेचाळिसाव्याला मी रात्री जागून पानभर मेसेज लिहिला. आमच्या खोलीवरचा स्टोव्ह, परीक्षेच्या आदल्या रात्रीची खिचडी, सगळं होतं त्यात. पण प्रत्येक प्रसंगानंतर मी त्याचा अर्थही सांगत सुटले होते. ‘तेव्हा कळलं की आधार म्हणजे काय’, ‘तू नसतीस तर मी आज इथे नसते’. तिचं उत्तर आलं, नुसते दोन जोडलेले हात. अर्ध्या तासाने घाबरून फोन आला, ‘अगं, तब्येत बरी आहे ना? कुठले रिपोर्ट आलेत का?’ खिचडीबद्दल एक अक्षर नाही. खिचडी करपली होती आणि ती आम्ही तरीही खाल्ली, एवढंच लिहिलं असतं तर ती तासभर बोलली असती.

म्हणून प्रसंग सांगा आणि अर्थ गाळा. तुमचा प्रसंग तर अर्थ काढायला अगदी हात धुऊन मागे लागेल असा आहे. पेट्रोल संपलं तरी आपण थांबलो नाही, आयुष्याच्या घाटातही तू असाच बरोबर होतास वगैरे. हे वाक्य पहिल्या खर्ड्यात येणारच, मला खात्री आहे. येऊ द्या आणि मग खोडा.

आता लुनाकडे वळू. या आठवणीत मला सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी दिसतात, आणि त्यातली एकही घाट किंवा पेडल नाही. पहिली म्हणजे मन्याचं ते वाक्य, ‘उताराला पेट्रोल कशाला लागतं?’ माणसाचं स्वतःचं बोलणं तीस वर्षांनी जसंच्या तसं त्याच्यापुढे ठेवलं की ‘तू किती बिनधास्त होतास’ असं विशेषण लावावं लागत नाही. दुसरी म्हणजे आकडा. बाराची आठ झाली. ‘आत्याने प्रेमाने दिलेली सीताफळं’ यात काही नाही. चार कमी भरली यात सगळं आहे, कारण ती कुणी खाल्ली हे तुम्हा दोघांनाच माहीत आहे.

बाकीचं निर्दयपणे कापा. सासवडला का गेलात, आत्याकडे कोण कोण होतं, लुना कुठल्या रंगाची होती, हे त्याला माहीत आहे. लोक इथेच चुकतात. तिसऱ्या माणसाला सांगावी तशी ज्याने ती जगली त्यालाच गोष्ट समजावून सांगतात. ‘तुला आठवतंय का, १९९४ साली आपण...’ असं सुरू केलंत की तोंडी परीक्षा घेतल्यासारखं होतं. थेट मध्यात उतरा. ‘दिवे घाटात लुना बंद पडली तेव्हा’ म्हटलं की साल त्याचं त्याला आठवेल.

आणि एक लबाडी करा. पेडल आळीपाळीने मारलं असं तुम्ही लिहिलंय. मेसेजमध्ये मात्र स्वतःला जरा झुकतं माप घ्या, म्हणजे बहुतेक पेडल तुम्हीच मारलं असं लिहा. याला कारण आहे. नुसता गोड मेसेज आला तर माणसाला ‘धन्यवाद मित्रा’ याखेरीज काही लिहिता येत नाही. भांडायला जागा ठेवली तर तो लगेच उत्तर देतो. एवढं मात्र पाहा की वाद क्षुल्लकच असावा. कुणी कुणाचे पैसे परत केले नाहीत, कुणाच्या मुलीकडे कोण बघत होतं, असल्या आठवणी तीस वर्षांनीही टोचतात, आणि मेसेज त्याची बायको किंवा मुलगीही वाचू शकते.

आता नाजूक भाग, काका. त्यांना वगळू नका. गाडी त्यांची आणि सीताफळं मोजणारे ते, त्यांना काढलं तर गोष्टीचा शेवटच जाईल. शिवाय मार्चपासून सगळे जण मन्यापुढे काकांचं नाव जपून घेत असतील, किंवा घेतलं तर आवाज बदलून. तुम्ही ते नेहमीच्या आवाजात घ्या. ‘काकांनी विचारलंच’, असं साध्या भूतकाळात. ‘कैलासवासी’ नको, ‘आज काका असते तर’ तर मुळीच नको. त्या ‘तर’पुढे काय लिहिणार? जे लिहाल ते वाचून तो गप्प होईल, तेही वाढदिवसाच्या सकाळी. सीताफळं मोजणारे काका समोर आले तर तो आधी हसेल. नंतर जे वाटायचं ते त्याचं त्याला वाटेल, त्यात तुम्ही शब्द घालू नका.

याच कारणासाठी आणखी एक. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. बऱ्याच घरांत तोवर सण आणि समारंभ करत नाहीत, मन्याच्या घरचं तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हा ‘पार्टी कधी?’ आणि ‘हाफ सेंच्युरी जोरात झाली पाहिजे’ हे टाळा. ‘येतो’ म्हणा. भेटायला यायला कुणाची हरकत नसते.

तुम्ही दिलेल्या ऐवजातून मी असं लिहीन:

> मन्या, पन्नास झाले की रे. दिवे घाटात लुना बंद पडली तेव्हा तू म्हणाला होतास, ‘उताराला पेट्रोल कशाला लागतं?’ वडकीपर्यंत तुझं बरोबर होतं. तिथून हडपसरपर्यंत बहुतेक पेडल मीच मारलं आणि तू मागे बसून सीताफळं सांभाळलीस. कशी सांभाळलीस ते काकांनी मोजून दाखवलंच. पेट्रोलचं मी अजून कुणाला बोललेलो नाही. रविवारी येतो. बारा आणतो, बाराच्या बारा पोचतील. वाढदिवसाच्या शुभेच्छा.

पन्नास-पंचावन्न शब्द झाले. याहून फार लांबवू नका, नाहीतर व्हॉट्सॲप मेसेज मध्येच तोडून खाली ‘Read more’ दाखवतं आणि नेमके काका त्या घडीखाली जातात.

यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्यात. शुभेच्छा शेवटी आहेत आणि त्यांना ‘हार्दिक’ नाही. त्या पहिल्या ओळीत आल्या असत्या तर पुढचं सगळं त्यांना जोडलेली शेपटी झालं असतं. ‘पेट्रोलचं मी अजून कुणाला बोललेलो नाही’ हे वाक्य मला स्वतःला सगळ्यात आवडतं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते काका आता नाहीत, हे त्यात आलंय आणि आलेलंही नाही. तुम्हाला ते जड वाटलं तर बेलाशक काढा, मेसेज त्याच्याशिवायही उभा राहतो. मात्र तुम्ही ही गोष्ट खरंच बायको-मुलांना सांगितली असेल तर ते वाक्य चालणार नाही, मन्या लगेच पकडेल.

रविवारची ओळ नुसती गोड शेवट म्हणून ठेवू नका. जाणार असाल तरच लिहा आणि सीताफळं खरंच न्या. मोसमही आहे. जरा कडक बघून घ्या, पिकलेली पिशवीत दबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. जाणं जमणार नसेल तर तिथे ‘संध्याकाळी फोन करतो’ एवढंच लिहा.

पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा, मन्या समोर बसलाय असं समजून. जिथे जीभ अडखळेल किंवा स्वतःचंच हसू येईल तो शब्द बदला. माझ्या ‘सांभाळलीस’च्या जागी तुमच्या तोंडात दुसरा, जरा कमी सभ्य शब्द येत असेल तर तोच बरोबर.

मित्रांच्या ग्रुपवर हे टाकू नका. तिथे रात्री बारापासून केकची चित्रं आणि फुगे सुरू होतील, त्यात लुना चिरडली जाईल आणि कुणीतरी ‘कसली सीताफळं?’ विचारेल. ग्रुपवर चारचौघांसारखं ‘हॅपी बर्थडे मन्या’ टाका आणि हे त्याला एकट्याला, सकाळी चहाच्या वेळेला पाठवा.

आणि ‘पेडल मी मारलं होतं’ असं त्याचं उत्तर आलं तर कबूल करू नका. रविवारपर्यंत ताणा.