धरणात गेलेल्या प्लॉटचा मोबदला आणि कापलेला टीडीएस

प्रश्न: पाडळसे धरणात आमचा बिगरशेती प्लॉट गेला. 40 लाख मोबदला आणि उशिराचं 6 लाख व्याज मिळालं, पण दोन्हींवर 10 टक्के टीडीएस कापला. कर भरावाच लागेल का?

भाऊ, आधी निवाड्याची प्रत काढा. त्यात 2013 च्या भूसंपादन कायद्याचा उल्लेख असेल, तर कलम 96 प्रमाणे 40 लाखांवर आयकर नाही. जमीन शेतीची की बिगरशेतीची, याने इथे फरक पडत नाही. 2016 चं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक क्रमांक 36 हेच सांगतं. म्हणजे त्यावरचे 4 लाख कापायलाच नको होते.

व्याजाचं गणित वेगळं, आणि लोक फसतात ते इथेच. व्याज ज्या वर्षी हातात आलं त्याच वर्षाचं उत्पन्न धरतात, भले ते दहा वर्षांचं साचलेलं असो. त्यातली निम्मी वजावट मिळते, म्हणून 3 लाख करपात्र. वकिलाची फी यातून वेगळी वजा होत नाही.

आता आयकर खात्याच्या 26AS या पत्रकात, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराच्या नोंदीत, कापलेली रक्कम दिसते का पाहा. रिटर्नमध्ये 40 लाख करमुक्त उत्पन्नात दाखवा, 3 लाख इतर उत्पन्नात. उरलेला टीडीएस परत येतो. रिटर्नच भरलं नाही, तर तो तिथेच अडकतो.