पाकिटाचा रंग आधी ठरवा

प्रश्न: नवीन खाद्यपदार्थ आणतोय. पाकिटाचा रंग, आकार, लेबल यांपैकी कशावर जास्त लक्ष देऊ?

रंगावर, कारण लांबून अक्षरं लागत नाहीत, रंगाचा ठोकळा तेवढा दिसतो. मी पाकिटांची डिझाइनं करतो. छापील नमुना खऱ्या मापात काढून भरलेल्या पाकिटावर चिकटवा, इतरांच्या मालाच्या रांगेत ठेवा आणि दोन मीटरवरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात नाव पार्श्वभूमीत विरघळलं तर रंगसंगती कितीही देखणी असो, बदला. उभ्या पाऊचचा तळ भरल्यावर फुगून वळतो, शिवाय दुकानातल्या फळीच्या कडेची पट्टी आडवी येते. म्हणून नाव आणि चव वरच्या अर्ध्यातच हवी (स्क्रीनवरचं सपाट डिझाइन इथेच फसवतं). मात्र वेगळेपणाच्या नादात चवीचा रंग मोडू नका. हिरव्या पाकिटात स्ट्रॉबेरी कोणी शोधत नाही.