अकरा वाजता तो काय करत असेल?

प्रिय पोरी,

दोन शाळांचे दोन फॉर्म भरून पर्समध्ये घेऊन फिरतेस आणि दोन्हींपैकी एकही देववत नाही, हे वाचून आधी तुझा राग आला, मग माझ्या धंद्याचा. आम्हीच तुम्हा आईबापांना असा प्रश्न शिकवलाय: विशेष शाळा की सर्वसामान्य शाळा? जणू एकदा या बाजूला की त्या बाजूला उभं राहिलं की बाकीचं आपोआप होतं. सासूबाई म्हणतात 'त्याच्यासारख्या मुलांत राहू दे', फिजिओ म्हणतो 'नॉर्मल मुलांत टाका', आणि तू मला विचारतेस की तुमचं मत कोणत्या बाजूचं. माझं मत कुठल्याच बाजूचं नाही. मला एवढंच सांग: साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुझा मुलगा त्या शाळेत नेमका काय करत असेल? स्नेहसंमेलनाच्या किंवा पालकसभेच्या दिवशीचं नको, मंगळवारचं सांग.

तुला याचं उत्तर दोन्ही शाळांबद्दल देता येत नाही. म्हणून फॉर्म पर्समध्ये आहेत.

आता तुझ्या मुलाचंच बघू. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी आहे, पाय ताठ, डावा हात जेमतेम. आकडी येते. बोलत नाही, पण थोरल्या चुलतभावाने काही खोडी काढली की सगळ्यांच्या आधी हसतो, हे तूच लिहिलंयस. आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, तरी तो 'बघत नाही'. इथे थांब, कारण शाळेचा निम्मा निर्णय या वाक्यात आहे. डोळा चांगला आणि मेंदूला चित्र लावता येत नाही, याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात, डॉक्टर सीव्हीआय म्हणतील. वेळेआधी जन्मलेल्या, सीपी असलेल्या मुलांत तो बऱ्याचदा असतो. अशा मुलाचं दिसणं कमीजास्त होतं. गजबजलेल्या भिंतीवरचं चित्र त्याला सापडत नाही, तेच चित्र काळ्या कापडावर एकटं ठेवलं की सापडतं. हलणारी आणि लाल-पिवळी वस्तू लवकर दिसते. खालच्या बाजूचं पुष्कळदा दिसत नाही, म्हणून मांडीवरची ताटली त्याच्यासाठी नसतेच. आवाज चालू असताना बघणं बंद पडतं. हात वस्तूकडे नेताना मान दुसरीकडे वळते, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. बाई तीन सेकंद थांबतात आणि पुढे जातात.

चित्रं दाखवून घेतलेल्या बुद्धिमापन चाचणीत असं मूल मागे पडणारच. तुझ्या फाइलमधल्या त्या आकड्यावर विशेष शाळेने त्याला कुठल्या वर्गात घातलं असतं, हे ओळखायला मला त्या शाळेत जावं लागत नाही. म्हणून फॉर्म कुठलाही दे, त्याआधी त्याला काय, किती अंतरावरून, कशावर ठेवलं की दिसतं याची तपासणी करून घे. याला कार्यात्मक दृष्टी तपासणी म्हणतात. ती दृष्टिहीनांसाठी प्रशिक्षण घेतलेली विशेष शिक्षिका करते, चष्म्याच्या दुकानात होत नाही. तिचा एक पानाचा कागद तुझ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापेक्षा शाळेत जास्त कामाला येईल.

आता अकरा वाजता. भांडुपची शाळा घराजवळ, चालत जाण्यासारखी. पहिलीचा वर्ग, पट पन्नासच्या आसपास. बाक त्याच्या मापाचा नाही, पाय लोंबकळतात. पाय लोंबकळले की कंबर घसरते, कंबर घसरली की मान पडते आणि मान पडली की फळा गेला. भिंतीवर फळं, प्राणी, पताका, बाराखडी. शेजारी तू पगार देऊन ठेवलेली शॅडो टीचर. ती त्याचा हात धरून वहीत 'क' गिरवते आणि बाई म्हणतात, किती छान जमतं त्याला! पोरी, तो 'क' शॅडो टीचरचा आहे. कुठल्याही वर्गात अर्धा तास मागे बस आणि बोटांवर मोज: त्याने स्वतः, कुणी हात न धरता, किती वेळा काही सांगितलं? मान हलवली, नजर वळवली, आवाज काढला, सगळं धर. शून्य आलं तर तो त्या वर्गात फक्त ठेवलेला आहे, मग दारावर 'समावेशक' लिहिलेलं असो.

विशेष शाळा पश्चिम उपनगरात. बस सकाळी लवकर निघते, वाटेत मुलं गोळा करत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकते. सव्वा तास कमीत कमी, आणि परत तेवढाच. ताठ अंगाचं मूल एवढा वेळ बसमध्ये बांधून नेलं की उतरताना अजून ताठ झालेलं असतं, त्यात आकडीच्या औषधाची गुंगी. पण तिथे खुर्ची त्याच्या मापाची आहे, पायाखाली फळी आहे, वर्गात आठ-दहा मुलं आहेत आणि जेवू घालणाऱ्या बाईंना मान कशी धरायची ते कळतं. हे छोटं समजू नकोस. चुकीच्या स्थितीत भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि छातीत कफ होऊन मूल पंधरा दिवस घरी बसतं. अकरा वाजता मात्र? तू सांगितलंस त्यावरून प्रार्थना-गाणं, मग डबा, मग शौचाची वेळ, मग फळांची नावं. तिथल्या एखाद्या पालकाला त्यांच्या मुलाचा मागच्या वर्षीचा आणि यंदाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा दाखवायची विनंती कर. दोन्हीत तीच वाक्यं आणि फक्त तारीख बदललेली असेल, तर तुझा मुलगाही नवव्या वर्षी फळांची नावंच शिकत असेल.

तू म्हणशील, म्हणजे मावशी सर्वसामान्य शाळेच्या बाजूच्या. अजिबात नाही. मी एका मुलीला भर तिसरीत मोठ्या नावाच्या सर्वसामान्य शाळेतून काढायला लावलं होतं. तिला ऐकू येत नव्हतं आणि सीपीही होती. हातांच्या खुणांनी बोलायची, आणि अख्ख्या शाळेत एकालाही त्या खुणा येत नव्हत्या. सगळे तिच्याशी प्रेमाने वागत, वाढदिवसाला बोलावत, आणि अकरा वाजता ती खिडकीबाहेर बघत बसायची. विशेष शाळेत गेल्यावर ती भांडायला लागली, कारण भांडायला माणसं मिळाली. माझ्या क्षेत्रातली मंडळी मला अजून टोचतात की तुम्ही समावेशनाला खीळ घातली. घातली असेल. उद्या तीच मुलगी समोर आली तर तेच करीन. भाषेशिवाय मुलाला 'सामावून' घेणं मला कधी पटलं नाही, आणि या वयात पटवून घ्यायची इच्छाही नाही.

तोच अकराचा प्रश्न तुझ्या मुलाला लावला की माझं उत्तर उलटं येतं. त्याला ऐकू येतं, भाषा कळते, विनोद कळतो. त्याला पन्नास पोरांची बडबड, भांडणं, गोष्टी हव्यात, आणि त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. म्हणून मी भांडुप म्हणते, पण अटींवर. बसायला त्याच्या मापाची खुर्ची: ढोपरं काटकोनात, पाय टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला आणि वर किंचित उतरता फळा, कारण खालचं त्याला दिसत नाही. ती तू ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून करून घे. शाळेने फक्त पहिल्या रांगेत, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून जागा द्यायची. प्रश्न विचारला की बाईंनी मनात पंधरापर्यंत मोजायचं. हो-नाहीसाठी त्याची एकच ठरलेली खूण, ती बाईंना आणि चार पोरांना शिकवायची. पोरं ती बाईंच्या आधी शिकतात. आणि शॅडो टीचरने हात धरायचा नाही, वस्तू धरायची.

आकडीबद्दल शाळेशी तोंडी बोलू नकोस. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे कोण देणार, तो कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे, हे डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर हवं. मुख्याध्यापिका 'आम्ही तुम्हाला फोन करू' म्हणाल्या, तर ते उत्तर नाही. तू धावतपळत येईपर्यंत पाच मिनिटं कधीच उलटलेली असतील.

आणि 'आमच्याकडे सोय नाही, तुम्ही घरीच शिकवा' हे ऐकून घरी येऊ नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१व्या कलमाने, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. बहुविकलांग मुलाला घरी शिकायचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली आला, पण तो मुलाचा आणि पालकांचा पर्याय आहे, शाळेने हाताला धरून दाखवायचा दरवाजा नव्हे. अर्ज दोन प्रतींत दे, एकीवर पोच घे. तोंडी नकाराचा कुठेच उपयोग होत नाही, पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तरी पहिला कागद तोच मागतील.

दिवाळीपर्यंत बघ. सुट्टीआधी एका मंगळवारी पुन्हा मागे जाऊन बस आणि मोज. मोजदाद शून्याच्याच आसपास असेल, तर मग मला समावेशनाचं तत्त्व ऐकवू नकोस, दुसरी शाळा शोधू. 'अजून लहान आहे, रुळेल' हेही नको. जो रुळतोय तो गप्प बसायला रुळतोय का, ते आधी बघायचं. उलट विशेष शाळेने कधी 'आधी तयार करतो, मग सर्वसामान्य शाळेत पाठवा' म्हटलं, तर कशासाठी तयार आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे लिहून माग. तारीख नसलेली तयारी मी अठराव्या वर्षापर्यंत चाललेली पाहिली आहे.

येत्या मंगळवारी भांडुपच्या शाळेत मुख्याध्यापिकांची वेळ घे, पण भेट साडेदहाची माग आणि बोलणं झालं की पहिलीच्या वर्गात बसू द्या म्हण. त्याला बरोबर नेऊ नकोस, तो असला की सगळे चांगले वागतात. नाही म्हणाल्या, तर त्याच आठवड्यात घराजवळच्या महापालिका शाळेत जा; तिथे मी येते, पण गुरुवारी दुपारनंतरच, सकाळी मला माझ्या गुडघ्यांच्या व्यायामाला जायचं असतं.

तुझी
मावशी