नोंदवहीतली सरासरी ७३ आली, मग गावाचं आयुर्मान किती?

प्रश्न: ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून गेल्या पाच वर्षांतली वयं उतरवली आणि सरासरी काढली, ७३ आली. नेटवर महाराष्ट्राचं आयुर्मान ७२ च्या पुढे दिसतं, भारताचं एकीकडे ७० तर दुसरीकडे ६७, आणि रत्नागिरी जिल्ह्याचं एका साइटवर भलतंच काहीतरी. खरं कोणतं धरायचं? आणि आमचे आजोबा ८१ चे आहेत, म्हणजे ते बोनसवर आहेत का?

उत्तर:

आजोबांपासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. ते बोनसवर नाहीत. जन्मावेळच्या आयुर्मानात तान्हेपणी गेलेली बाळं आणि पस्तिशीत अपघातात गेलेली माणसंही मोजलेली असतात. जो साठीला पोचला त्याने ते सगळे धोके मागे टाकलेले असतात. भारतात साठीच्या माणसाला सरासरी आणखी साधारण १८ वर्षं मिळतात. आजोबांसाठी ८१ व्या वर्षाचा वेगळा आकडा असतो आणि तो शून्य नसतो.

आता तुमचे ७३. मी बरीच वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी संकलित करण्याच्या कामात होतो. ही सरासरी दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी उत्साहाने काढून आणायचंच. बेरीज-भागाकार बरोबर असतो, पण निघतं ते आयुर्मान नव्हे. निघतं ते गावात म्हातारी माणसं किती आहेत याचं माप.

दोन गावं घ्या, हजार-हजार वस्तीची. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. दोन्हीकडे साठीच्या आतल्या हजार माणसांमागे वर्षाला २ मृत्यू होतात आणि ते सरासरी ४० व्या वर्षी. साठीपुढच्या हजारामागे ४० मृत्यू, सरासरी ७६ व्या वर्षी. म्हणजे मरणाचा धोका दोन्हीकडे अगदी सारखा. पहिल्या गावात म्हातारी माणसं १००, दुसऱ्यात ३००, कारण तिथली तरुण मंडळी मुंबईला आणि घरात आई-वडील. पहिल्या गावात वर्षाला ५.८ मृत्यू होतील, सरासरी वय ६५ च्या आत. दुसऱ्यात १३.४ मृत्यू, सरासरी वय ७२. आता गंमत बघा. सरासरी वय पाहिलं तर दुसरं गाव दीर्घायुषी वाटतं, आणि हजारी मृत्यू पाहिले तर तेच गाव दुपटीहून जास्त रोगट वाटतं. दोन्ही निष्कर्ष खोटे. आपल्याकडची बहुतेक गावं या दुसऱ्या जातीची आहेत. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गाची घटली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ती सगळी चाकरमान्यांची सावली आहे.

आयुर्मान तक्ता, ज्याला लाइफ टेबल म्हणतात, नेमकी हीच अडचण काढून टाकतो. गावात कोणत्या वयाचे किती लोक आहेत हे तो बाजूला ठेवतो आणि प्रत्येक वयोगटाला फक्त एकच प्रश्न विचारतो: इथे मरणाचा वेग किती? मग एक लाख काल्पनिक बाळं घेतो आणि आजच्या वेगांतून त्यांना जन्मभर चालवतो. एक पायरी करून दाखवतो.

समजा ६० ते ६४ वयाची ४०० माणसं आहेत आणि वर्षात त्यांतली ६ गेली. वेग झाला ०.०१५. पण पाच वर्षांत मरण्याची शक्यता म्हणजे नुसता त्याचा पाचपट नव्हे, कारण जो पहिल्या वर्षी गेला तो पुढच्या वर्षी धोक्यात नसतो. म्हणून:

```
m = 6 / 400             = 0.015
q = 5*m / (1 + 2.5*m)   = 0.0723
```

आपल्या लाखातली ८०,००० जण साठीला पोचली असतील तर त्यांतली सुमारे ५,७८० या पाच वर्षांत जातील आणि ७४,२२० पासष्टीला पोचतील. या टप्प्यात सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं झाली सुमारे ३,८५,५००. असंच प्रत्येक वयोगटाचं करायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळांचं गणित थोडं वेगळं, कारण ती बहुतेक पहिल्या काही दिवसांतच जातात, वर्षाच्या मध्यावर नाही. सगळ्या टप्प्यांतली वर्षं मिळवली आणि लाखाने भागलं की जन्मावेळचं आयुर्मान मिळतं. प्रत्यक्षात ते आयुष्य कोणीही जगत नाही. आज जन्मलेलं पोर ७० वर्षांचं होईल तेव्हा सत्तरीतला मरणाचा वेग वेगळाच असेल.

शेवटचा गट, ८० आणि पुढे, तिथे वरची मर्यादा नसते. तिथे वेगाचा उलटा भागाकार करतात. २०० माणसं आणि २५ मृत्यू, म्हणजे वेग ०.१२५, म्हणजे आणखी ८ वर्षं. आता त्या २५ पैकी पाच म्हातारी घरीच गेली, सातबाऱ्यावर कसलं काम नव्हतं म्हणून दाखला काढायला कोणी आलंच नाही. नोंदीत राहिले २०. वेग ०.१० झाला आणि ८ ची १० वर्षं झाली. लाखातली ४५,००० ऐंशीला पोचत असतील तर फक्त त्या पाच न नोंदलेल्या मृत्यूंनी जन्मावेळचं आयुर्मान ०.९ वर्षाने फुगतं. म्हणून एखाद्या भागाचं आयुर्मान संशयास्पद चांगलं दिसलं की मी आधी म्हातारपणचे मृत्यू सुटलेत का ते बघतो, हवापाण्याला शाबासकी नंतर.

कोकणातला खरा घोळ मात्र अंश आणि छेद वेगवेगळ्या गावचे असतात हा आहे. कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदतात. देवगडचा माणूस बांबोळीला ऍडमिट होऊन तिथेच गेला तर नोंद गोव्यात. उलट, तीस वर्षं परळला काढलेला माणूस डॉक्टरांनी हात टेकल्यावर गावच्या घरी येतो आणि खळ्याकडे बघत पडून राहतो. त्याची नोंद गावात, पण जनगणनेत तो मुंबईत मोजलेला. ४५ ते ४९ वयाचे १५० पुरुष गावात राहतात असं धरा. पाच वर्षांत त्यांतले ४ गेले आणि मुंबईहून शेवटचे दिवस काढायला आलेले ३. छेदात ७५० माणूस-वर्षं तीच, अंशात ४ ऐवजी ७. पाच वर्षांत मरण्याची शक्यता २.६ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर जाते. गावात रोग आला नाही, फक्त एसटीने तीन माणसं आली. बाळांचंही तेच. पहिलं बाळंतपण माहेरी, जन्माची नोंद माहेरच्या गावात, आणि पोर चार महिन्यांनी सासरी गेलेलं.

यावर उपाय नोंदीतच आहे. मृत्यूच्या फॉर्ममध्ये मृताचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण विचारलेलं असतं. अडचण एवढीच की 'काका कुठले?' विचारलं की आपला माणूस मूळ गावच सांगतो. मी एका नोंदवहीत चाळीस पानं उलटली, तो रकाना सगळीकडे मृत्यूच्या गावाचाच होता, एकाच हस्ताक्षरात. वयाचाही असाच पडताळा घ्या: ० आणि ५ वर संपणारी वयं मोजा. ती साधारण पाचातली एक असायला हवीत. निम्मी निघाली तर वयं अंदाजाने घातलेली आहेत, आणि अंदाज सहसा वरच्या बाजूला जातो. म्हातारा पंच्याऐंशीचा सांगण्यात घरच्यांनाही अभिमान असतो.

आता नेटवरचे आकडे. भारताचा ७० हा नमुना नोंदणी पद्धतीचा, एसआरएसचा, २०१६-२० या पाच वर्षांचा. त्यांचा माणूस निवडलेल्या वस्त्यांत वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दुसरा सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्र विचारतो, मग दोन्ही याद्या जुळवतात. जे जुळत नाही ते पुन्हा तपासतात. शिवाय ते नेहमी राहणाऱ्यांची मोजदाद करतात, म्हणून वरचा बांबोळी-परळ घोळ तिथे बराच टळतो. महाराष्ट्राचा ७२ च्या पुढचा आकडा याच मालिकेतला, २०१४-१८ ला तो ७२.५ होता. ६७ हा संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या आवृत्तीतला, एकट्या २०२१ सालाचा. कोविडची दुसरी लाट त्या एका वर्षात पूर्ण बसलेली आहे, आणि एसआरएसची ती पाच वर्षं तिच्या आधीच संपतात. दोघं वेगळ्या काळाबद्दल बोलतायत, भांडत नाहीत. तुलना करायची तर साल आणि पुरुष-स्त्री-एकूण हे आधी जुळवून घ्या.

रत्नागिरीचा आकडा मात्र मी बाजूला ठेवेन. एसआरएस जिल्ह्याचे तक्ते छापत नाही, कारण जिल्ह्याच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या वस्त्यांतून वयोगटवार मृत्यू पुरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हा पत्रकातही आयुर्मान नसतं. त्यामुळे जिल्ह्याचा आकडा बहुधा अप्रत्यक्ष रीतीने काढलेला असतो: बायकांना किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत यावरून बालमृत्यूचा अंदाज, आणि मोठ्या वयाचा भाग तयार नमुना तक्त्यातून उचललेला. म्हणजे आपल्याकडचे साठीपुढचे मृत्यू त्यात मोजलेलेच नसतात. काही जण २०११ ची लोकसंख्या राज्याच्या वाढीने पुढे नेऊन छेदात घालतात. घटणाऱ्या जिल्ह्याचा छेद असा फुगवला की मरणाचा वेग कमी दिसतो आणि आयुर्मान आपोआप वाढतं.

तुमच्या गावाचं काढायच्या फंदात पडू नका. पाच वर्षांत १०० जन्म असतील तर एक बाळ कमी-जास्त गेल्याने लाखातली हजार बाळं इकडची तिकडे होतात, आणि आयुर्मान सुमारे ०.७ वर्षाने हलतं. एका बाळाने एवढं. हौसच असेल तर अख्खा तालुका आणि पाच वर्षं घ्या, राहण्याचा रकाना घरी जाऊन विचारून दुरुस्त करा, आणि मुंबईहून आलेले वेगळे काढा. गणपतीत सुरुवात करा, तेव्हा विचारायला माणसं घरात सापडतात. फक्त त्या दिवसांत गावात किती माणसं आहेत ते मोजून छेदात घालू नका.