दाढी ठेवू की काढू? आधी हनुवटी बघा

प्रश्न: सहा वर्षं दाढी आहे. मध्यंतरी एकदा पूर्ण काढली तर आरशात भलताच कोणीतरी दिसला, म्हणून घाबरून परत वाढवली. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे, घरचे मागे लागलेत की काढ. मी दाढीशिवाय खरंच वाईट दिसतो की ही नुसती सवय आहे, हे ओळखायचं कसं?

उत्तर:

त्या दिवशी आरशात जे दिसलं ते बाद करा. आमचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. सलूनमधून थेट पासपोर्ट फोटोला आलेला माणूस मला लाइट लावल्याबरोबर ओळखू येतो, कारण त्याचा चेहरा दोन रंगांचा असतो. कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग उन्हाने रापलेला, आणि जिथे इतकी वर्षं केस होते तिथली कातडी फिकट. फिकट भाग फोटोत नेहमी जरा मोठा वाटतो, त्यामुळे चांगला आटोपशीर जबडाही सुजल्यासारखा दिसतो. त्यात वस्तऱ्याची लाली. रोज उन्हात जाणाऱ्याचा हा फरक दोनेक आठवड्यांत बराच मिटतो. तुम्ही त्याआधीच घाबरून दाढी वाढवायला घेतली असणार, म्हणजे तुमचा दाढीविना चेहरा तुम्ही नीट पाहिलेलाच नाही.

दुसरी भानगड आरशाची. आरशात आपला चेहरा उलटा दिसतो आणि आपण त्यालाच सरावलेले असतो. १९७७ साली अमेरिकेत काही विद्यार्थिनींना स्वतःच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या होत्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. त्यांचा कल उलट्या प्रतीकडे होता आणि त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. म्हणजे आरशापुढे उभं राहून आपण रूप कमी आणि ओळख जास्त तपासत असतो. दाढी गेली की ती ओळखच मोडते.

मग फोनवर बघू म्हणाल, तर सेल्फी आणखी फसवी. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं आणि कान, जबडा मागे पडतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं: एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दाढी असताना खालच्या केसांचं वजन या नाकाला तोलून धरतं. ती काढली की सेल्फीत नुसतं नाकच उरतं आणि माणूस स्वतःच्या नाकाला शिव्या देतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

तेव्हा फोटो असा काढा. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभे राहा, ट्यूबलाइट बंद. दुसऱ्या कोणाला तरी पाच-सहा फुटांवरून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. एक समोरून, एक पाऊण, एक अगदी बाजूने. आज दाढीसकट तिन्ही काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. कॉलेजातला गुळगुळीत फोटो पुराव्याला काढू नका. तेव्हाचं वजन वेगळं होतं.

आता बघायचं काय? खरा निकाल बाजूच्या फोटोत लागतो, कारण दाढी प्रामुख्याने हनुवटी आणि तिच्याखालचा गळा झाकते. हे दाढी असतानाही तपासता येतं. मान सरळ, नजर समोर ठेवा, एक पेन खालच्या ओठाला उभं टेकवा आणि बोटाने हनुवटीवरचे केस हाडापर्यंत दाबा. हाड पेनाला लागलं किंवा थोडंसंच आत राहिलं तर काढायला हरकत नाही. बरंच आत राहिलं तर तुमची दाढी हनुवटीचं काम करते आहे, आणि तिचा विचार करूनच हात घाला.

माझ्या मेहुण्याचं असंच होतं. चेहरा लांबट, हनुवटी आत, आणि छातीपर्यंत नाही पण चांगली भरघोस दाढी. बँकेत बढती मिळाल्यावर त्याला एकदम तुळतुळीत व्हायचं होतं. मी म्हटलं, ‘दाजी, एकदम नको, पायऱ्यांनी उतरा.’ आधी ट्रिमरवर १२ मिलिमीटर, चार-पाच दिवसांनी ६, मग ३, मग १. प्रत्येक पायरीला तेच तीन फोटो, त्याच खिडकीत. १२ ला बायकोलाही फरक कळला नाही. ६ ला चेहरा भरला, कारण खाली लोंबणारे केस गेल्याने लांबी कमी झाली होती. ३ ला तो सगळ्यात चांगला दिसला: गालांची रेष मोकळी झाली आणि हनुवटीला अजून काळी कडा होती. १ ला बाजूच्या फोटोत हनुवटी गळ्यात मिसळायला लागली. तिथेच थांबलो, वस्तरा लावावाच लागला नाही. ऑफिसात लोकांनी ‘बारीक झालात’ म्हटलं. वजन तेवढंच होतं.

यात गळ्याची रेघ महत्त्वाची. बरेच न्हावी दाढी कोरताना रेघ थेट जबड्याच्या हाडावर ओढतात, त्यामुळे हाडाखालचं मांस उघडं पडतं आणि नसलेली डबल चिन दिसते. रेघ कंठमण्याच्या वर साधारण दोन बोटांवर, दोन्ही कानांकडे गोल चढत जाणारी हवी. कधी कधी माणसाला दाढी शोभत नाही असं वाटतं, तिथे नुसती ही रेघ चुकलेली असते.

मिशी शेवटी काढा. सहा वर्षांनी वरचा ओठ उघडा पडला की तो लांब आणि पातळ वाटतो, आणि ‘भलताच कोणीतरी’ दिसण्यात त्याचा वाटा मोठा असतो. मिशी ठेवून आठवडाभर राहून बघा. आपल्याकडे नुसती मिशी कोणाला खटकत नाही.

कातडीचंही ऐका. केस कुरळे असतील तर घोटून दाढी केल्यावर केसाचं टोक वळून परत कातडीत शिरतं आणि गळ्यावर बारीक फोड येतात. तसं होत असेल तर चेहरा कितीही छान दिसो, रोज ब्लेड मारणं तुम्हाला परवडणार नाही. १ मिलिमीटरवर थांबा, दुरून तेही जवळजवळ क्लीनच दिसतं. ब्लेड लावायचंच असेल तर आधी मशीनने खुंट करून घ्या आणि केसांच्या दिशेनेच फिरवा.

लग्नाचं म्हणाल तर प्रयोग आदल्या आठवड्यात करू नका. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे ३ मिलिमीटरला आठ-दहा दिवस लागतात. लग्नाच्या महिनाभर आधी पूर्ण काढलीत तर रंग सारखा व्हायला दोन आठवडे मिळतात, आणि तरीही नाही पटलं तर उरलेल्या दोन आठवड्यांत हळदीपर्यंत नीट कोरलेली छोटी दाढी परत उभी राहते. घरच्यांना ‘कसा दिसतो’ असं विचारू नका, ते लग्नघरात जे ऐकायचंय तेच सांगतील. फोटोंचे दोन संच शेजारी ठेवून ‘यातला कुठला अल्बमात लावू’ एवढंच विचारा.